तिमाही निकालाचा सारांश: महसूल, नफा, बदल आणि पुढचा अंदाज नेमका कसा काढायचा

तिमाही निकालाचा सारांश बहुतेक वेळा एकाच पद्धतीने चुकतो. पीडीएफ उघडायची, खाली जाऊन निव्वळ नफ्याची ओळ शोधायची, शेजारच्या रकान्याशी तुलना करायची आणि ‘नफा ३५ टक्के वाढला’ असं लिहून मोकळं व्हायचं. आकडा खरा असतो, पण त्यातून निघणारा अर्थ अनेकदा उलटा असतो. त्यामुळे इथे सगळा भर क्रमावर आहे: आधी काय बघायचं, मग काय, आणि नफ्याच्या ओळीपाशी कधी पोचायचं.

ही पद्धत कारखानदारी, सेवा आणि व्यापार करणाऱ्या कंपन्यांसाठी आहे. बँका, एनबीएफसी आणि विमा कंपन्यांचं निकालपत्रक वेगळ्या नमुन्यात असतं, तिथे ही पद्धत जशीच्या तशी लावू नका.

## टप्पा १: योग्य कागद हाताशी घ्या

सेबीच्या नियमानुसार नोंदणीकृत कंपनीने तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत निकाल जाहीर करायचा असतो. मार्च तिमाहीचा निकाल वर्षाच्या लेखापरीक्षित निकालासोबत येतो, म्हणून त्याला ६० दिवस मिळतात. बीएसई किंवा एनएसईच्या संकेतस्थळावर कंपनीच्या पानावरच्या घोषणांमध्ये ‘संचालक मंडळाच्या बैठकीचा निर्णय’ अशा अर्थाच्या शीर्षकाखाली मूळ पत्रक सापडतं.

तीन कागद लागतात: हे पत्रक (टिपा आणि ऑडिटरच्या अहवालासह), कंपनीचं प्रसिद्धिपत्रक किंवा गुंतवणूकदारांसाठीचं सादरीकरण, आणि निकालानंतरच्या कॉन्फरन्स कॉलची प्रत. कॉलची लेखी प्रत काही दिवस उशिरा येते. तोवर सारांशातला ‘अंदाज’ हा भाग कच्चा ठेवा.

इशारा: वर्तमानपत्रात छापून येणारी निकालाची जाहिरात हा नुसता उतारा असतो. त्यात खर्चाचे तपशील नसतात आणि टिपा जेमतेम असतात. तिच्यावरून सारांश करू नका. प्रसिद्धिपत्रकातले आकडेही मूळ पत्रकाशी ताडल्याशिवाय घेऊ नका, कारण तिथे कंपनी स्वतःला सोयीचा नफा निवडू शकते.

## टप्पा २: पत्रकाचा माथा वाचा

आकड्यांकडे जाण्याआधी पत्रकाच्या वरच्या भागातल्या तीन गोष्टी वहीत लिहून घ्या.

पहिली, एकक. आकडे लाखांत आहेत, कोटींत की दशलक्षांत, हे उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असतं. लाखांना १०० ने भागलं की कोटी, दशलक्षांना १० ने भागलं की कोटी. दोन कंपन्यांची तुलना करताना एकीचे लाख आणि दुसरीचे दशलक्ष शेजारी मांडले जातात, आणि मग निष्कर्ष दहापटीने चुकतो.

दुसरी, पत्रक स्टँडअलोन आहे की कन्सॉलिडेटेड. पहिल्यात फक्त मूळ कंपनी असते, दुसऱ्यात उपकंपन्या आणि सहयोगी कंपन्यांमधला वाटाही धरलेला असतो. सप्टेंबर २०२४ च्या तिमाहीत बजाज ऑटोचा स्टँडअलोन नफा सुमारे ९ टक्के वाढून २,००५ कोटी रुपये झाला, तर कन्सॉलिडेटेड नफा ३१ टक्के घटून १,३८५ कोटींवर आला. एकाच कंपनीच्या एकाच दिवशीच्या निकालावर ‘वाढला’ आणि ‘घसरला’ असे दोन्ही मथळे बरोबर ठरू शकतात, ते असे. भागधारकाच्या हातात अख्ख्या समूहाचा तुकडा असतो, म्हणून सारांशासाठी कन्सॉलिडेटेड घ्या. दोन्हींत मोठा फरक असेल तर तो एका वाक्यात नोंदवा.

तिसरी, रकाने. सप्टेंबर तिमाहीच्या पत्रकात साधारणपणे सहा रकाने असतात: ही तिमाही, आधीची तिमाही, गेल्या वर्षीची हीच तिमाही, या सहामाहीचा आणि गेल्या सहामाहीचा आकडा, आणि संपूर्ण गेलं वर्ष. आपल्याला पहिले तीन हवेत. फोनच्या पडद्यावर पत्रक मोठं करून बघताना रकान्याचं शीर्षक वर निघून जातं आणि सहामाहीचा आकडा तिमाहीचा म्हणून उचलला जातो. त्यामुळे आकडे वहीत उतरवतानाच प्रत्येकाच्या डोक्यावर तारीख लिहा.

तपासणी: या तिमाहीचा महसूल आणि आधीच्या तिमाहीचा महसूल यांची बेरीज सहामाहीच्या रकान्याशी जुळते का? जुळली तर रकाने बरोबर धरले आहेत. ही युक्ती सप्टेंबर तिमाहीत लगेच जमते. डिसेंबरला नऊमाहीशी ताडायचं तर जूनचा आकडाही सोबत घ्यावा लागतो.

मार्च तिमाहीचा आकडा बहुधा वजाबाकीचा असतो, म्हणजे वर्षाचा लेखापरीक्षित आकडा वजा नऊ महिन्यांचा आधी जाहीर केलेला आकडा. वर्षअखेरीच्या दुरुस्त्या त्यात येऊन पडतात. म्हणून एखाद्या खर्चात मार्चमध्ये विचित्र उडी दिसली तर लगेच घाबरू नका.

## टप्पा ३: नफ्याआधी टिपा वाचा

सगळ्यांत जास्त वगळला जाणारा टप्पा हाच. पत्रकाखालच्या टिपा कंटाळवाण्या असतात हे मान्य, पण नफ्याच्या ओळीतला एकवेळचा भाग कुठून आला ते फक्त तिथे लिहिलेलं असतं. टिपांमध्ये हे शोधा:

- अपवादात्मक बाबी: जमीन किंवा कारखाना विकल्याचा फायदा, आग किंवा पुराचं नुकसान, स्वेच्छानिवृत्तीचा खर्च, गुंतवणुकीची किंमत कमी करणं.
- कंपनी विकत घेतली, विलीन केली किंवा एखादा व्यवसाय वेगळा काढला का. तसं असेल तर गेल्या वर्षीच्या आकड्यांशी सरळ तुलना होत नाही.
- करात एकवेळची नोंद आहे का. वर सांगितलेल्या बजाज ऑटोच्या तिमाहीतच २०२४ च्या अर्थसंकल्पातल्या करबदलामुळे सुमारे २११ कोटींची डिफर्ड टॅक्सची, म्हणजे पुढे भरायच्या कराची, तरतूद आली होती.

मार्च २०२५ च्या तिमाहीत आयटीसीचा नफा वीस हजार कोटींच्या घरात दिसला. त्यातला मोठा हिस्सा हॉटेल व्यवसाय वेगळा केल्याच्या हिशेबी नोंदीचा होता. अशा पत्रकात ‘सुरू असलेल्या व्यवसायातून नफा’ आणि ‘बंद किंवा वेगळ्या केलेल्या व्यवसायातून नफा’ अशा दोन ओळी असतात. पुढच्या वर्षी काय उरणार आहे ते कळण्यासाठी पहिली घ्यायची.

ऑडिटरचा अहवालही इथेच उघडा. तिमाही निकाल पूर्ण तपासलेला नसतो, त्याचं मर्यादित पुनरावलोकन झालेलं असतं. अहवालात ऑडिटरची हरकत दाखवणारा ‘क्वालिफाइड’ हा शब्द किंवा एखाद्या बाबीकडे लक्ष वेधणारा ‘एम्फसिस ऑफ मॅटर’ असा वेगळा परिच्छेद दिसला तर तो परिच्छेद पुरता वाचा आणि सारांशात त्याचा उल्लेख करा.

## टप्पा ४: आकडे एका छोट्या तक्त्यात उतरवा

इथून पुढे एक उदाहरण घेऊन चालू. समजा, पंप बनवणारी एक मध्यम आकाराची कंपनी आहे (आकडे काल्पनिक, रुपये लाखांत). तिचं सप्टेंबर २०२५ तिमाहीचं कन्सॉलिडेटेड पत्रक असं आहे:

| ओळ | सप्टें. २०२५ | जून २०२५ | सप्टें. २०२४ |
|---|---|---|---|
| कामकाजातून महसूल | ४१,८५० | ३८,२०० | ३७,४०० |
| इतर उत्पन्न | ४३० | ४२० | ३९० |
| खर्च (व्याज, घसारा सोडून) | ३६,८३० | ३३,४३० | ३२,३५० |
| व्याज | ६१० | ५६० | ४८० |
| घसारा | १,१५० | १,०८० | ९६० |
| अपवादात्मक बाबींपूर्वीचा करपूर्व नफा | ३,६९० | ३,५५० | ४,००० |
| अपवादात्मक फायदा | १,५०० | ० | ० |
| कर | १,१४३ | ८९५ | १,०१० |
| निव्वळ नफा | ४,०४७ | २,६५५ | २,९९० |

पत्रकात ‘व्याज, घसारा सोडून खर्च’ अशी ओळ नसते. एकूण खर्चातून व्याज आणि घसारा वजा करून ती आपण काढायची. कंसातला आकडा म्हणजे वजा, हे उतरवताना विसरू नका. ‘मालसाठ्यातील बदल’ या ओळीत ते हमखास विसरलं जातं. तिथे कंसातला आकडा असेल तर साठा वाढलेला असतो आणि तेवढा खर्च कमी धरलेला असतो.

तपासणी: महसूल + इतर उत्पन्न − सगळे खर्च = अपवादात्मक बाबींपूर्वीचा नफा. आपल्या तक्त्यात ४१,८५० + ४३० − ३६,८३० − ६१० − १,१५० = ३,६९०. जुळलं नाही तर पुढे जाऊ नका. एखादी ओळ सुटलेली असते किंवा कंस हरवलेला असतो.

## टप्पा ५: महसूल लिहा

महसूल म्हणजे फक्त ‘कामकाजातून महसूल’. त्याच्या दोन ओळी खाली ‘एकूण उत्पन्न’ असतं, त्यात ठेवींवरचं व्याज, म्युच्युअल फंडावरचा फायदा असलं सगळं मिसळलेलं असतं. एकूण उत्पन्नाला महसूल म्हणू नका.

वाढ गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी मोजा: (४१,८५० − ३७,४००) ÷ ३७,४०० = ११.९ टक्के. आधीच्या तिमाहीशी वाढ ९.६ टक्के येते, पण ती दुय्यम धरा. पंपांची विक्री उन्हाळ्यात एक, पावसाळ्यात दुसरी आणि रब्बीत तिसरी असते. दिवाळीच्या खरेदीवर चालणाऱ्या कंपनीचं तर विचारूच नका. लागोपाठच्या तिमाहींची तुलना ऋतूंवर न चालणाऱ्या व्यवसायातच खरी उपयोगी पडते.

## टप्पा ६: नफा तीन पायऱ्यांवर बघा

पहिली पायरी परिचालन नफ्याची: महसूल वजा व्याज-घसारा सोडून खर्च. या तिमाहीत ४१,८५० − ३६,८३० = ५,०२०, गेल्या वर्षी ५,०५०. म्हणजे विक्री जवळजवळ १२ टक्के वाढूनही धंद्यातून सुटणारी रक्कम आहे तिथेच आहे. महसुलाच्या प्रमाणात बघितलं तर मार्जिन १३.५ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आलं.

इथे भाषेची चूक फार होते. १३.५ वरून १२ म्हणजे ‘मार्जिन दीड टक्क्याने घटलं’ असं लिहिलं तर वाचणारा गोंधळतो, कारण प्रमाणात पाहिलं तर ती घट ११ टक्क्यांची आहे. ‘मार्जिन १३.५ वरून १२ टक्क्यांवर आलं’ असं दोन्ही आकडे देऊन लिहिलं की प्रश्नच उरत नाही.

दुसरी पायरी, अपवादात्मक बाबींपूर्वीचा करपूर्व नफा. ३,६९० विरुद्ध ४,०००, म्हणजे ७.८ टक्के घट. परिचालन नफा जवळपास जैसे थे असून इथे घट का आली? व्याज १३० लाखांनी आणि घसारा १९० लाखांनी वाढला म्हणून. कर्ज काढून यंत्रं घेतलेल्या कंपनीच्या निकालात हेच चित्र दिसतं.

तिसरी पायरी, निव्वळ नफा: ४,०४७ विरुद्ध २,९९०. वाढ ३५.४ टक्के, आणि मथळा याचाच होतो. समजा, टीप सांगते की कंपनीने जुन्या कारखान्याची जमीन विकली, त्यातून १,५०० लाखांचा फायदा झाला आणि त्यावर २१४ लाख कर बसला. म्हणजे करानंतरचा फायदा १,२८६ लाख. तो वजा केला की उरतात २,७६१ लाख, म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा ७.७ टक्के कमी.

एकवेळचा फायदा वजा करताना त्याच्यावरचा करही वजा करावा लागतो. नुसते १,५०० काढले तर खरा नफा २,५४७ दिसेल आणि कंपनीवर अन्याय होईल. टिपेत कर दिला नसेल तर ढोबळ दर लावून ‘अंदाजे’ असं लिहा. किंवा त्याहून बरं म्हणजे दुसऱ्या पायरीवरची करपूर्व तुलनाच द्या, तिला कराची भानगड लागत नाही.

इशारा: निव्वळ नफ्याखाली ‘एकूण सर्वसमावेशक उत्पन्न’ अशी आणखी एक ओळ असते. तो निव्वळ नफा नव्हे. कन्सॉलिडेटेड पत्रकात त्याखाली नफ्याची वाटणीही असते. उपकंपनीत बाहेरच्यांचा मोठा वाटा असेल तर ‘मूळ कंपनीच्या मालकांचा हिस्सा’ हाच आकडा तुमचा. प्रति शेअर मिळकत याच हिश्शावरून काढतात. तिमाहीचा तो आकडा वर्षाचा नसतो, त्यामुळे त्याने शेअरचा भाव भागून पीई, म्हणजे भाव आणि मिळकतीचं गुणोत्तर, काढू नका.

## टप्पा ७: बदलाचं कारण शोधा

‘मार्जिन घटलं’ एवढंच लिहून सारांश पुरा होत नाही. खर्चाच्या ओळी महसुलाच्या टक्क्यांत मांडल्या की कारण आपोआप पुढे येतं. कच्चा माल, विक्रीसाठी आणलेला माल आणि मालसाठ्यातील बदल या तिन्ही ओळी एकत्र घ्या, सुट्या वाचू नका. आपल्या कंपनीत ती बेरीज २१,८८० वरून २५,५३० झाली, म्हणजे महसुलाच्या ५८.५ टक्क्यांवरून ६१ टक्के. पगार आणि बाकीचे खर्च मिळून २८ वरून २७ टक्क्यांवर आले. अडीच गेले, एक परत आला, दीड उरला. मार्जिनमधली घट नेमकी तेवढीच आहे. म्हणजे कारण मालाच्या खर्चात आहे, पगारात नाही.

तो खर्च का वाढला, हे मात्र पत्रक सांगत नाही. तांबं महागलं असेल, कमी मार्जिनचा माल जास्त विकला गेला असेल किंवा सवलत द्यावी लागली असेल. सादरीकरणात किंवा कॉलमध्ये उत्तर सापडलं तरच लिहा, नाहीतर ‘कारण कंपनीने स्पष्ट केलेलं नाही’ असं लिहा.

सप्टेंबर आणि मार्चच्या निकालासोबत ताळेबंद आणि रोकड प्रवाहाचं पत्रकही येतं. ते असेल त्या वेळी दोन आकडे बघाच: ग्राहकांकडून येणं आणि कामकाजातून आलेली रोकड. समजा, येणं मार्चमधल्या १४,६०० लाखांवरून १९,८०० लाखांवर गेलं आणि सहा महिन्यांत कामकाजातून फक्त १,२०० लाख हाती आले. मग वाढलेल्या विक्रीचा बराच भाग अजून उधारीत आहे, आणि व्याज का वाढतंय याचाही थोडा उलगडा होतो. जून आणि डिसेंबरला बहुतेक कंपन्या हे देत नाहीत. तेव्हा या मुद्द्यावर गप्प राहा.

## टप्पा ८: पुढचा अंदाज, कंपनीच्या तोंडून

निकालपत्रकात पुढचा अंदाज नसतो. तो प्रसिद्धिपत्रकात, सादरीकरणात आणि कॉलमध्ये असतो. तिथली वाक्यं चाळताना प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा: आकडा आहे का, मुदत आहे का, अट आहे का? एप्रिल २०२५ मध्ये इन्फोसिसने आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी स्थिर चलनात, म्हणजे विनिमय दरातले चढउतार वगळून, ० ते ३ टक्के महसूलवाढीचा अंदाज दिला होता. त्यात आकडा आहे, मुदत आहे आणि ‘स्थिर चलनात’ ही अटही आहे. तिन्ही जशाच्या तशा उतरवायच्या. ‘३ टक्के वाढ होणार’ असं लिहिलं तर अंदाजाचं वरचं टोक आपण वचन म्हणून विकलं. कंपनीने तो जुलैत १ ते ३ आणि ऑक्टोबरात २ ते ३ टक्के केला, म्हणून अंदाजासोबत त्याची तारीखही हवी.

‘मागणीचं वातावरण सकारात्मक आहे’, ‘आम्ही सावधपणे आशावादी आहोत’ ही वाक्यं सारांशात घेऊ नका. त्यांत तपासता येण्याजोगं काही नाही. त्याऐवजी हातातल्या ऑर्डरी, नव्या कारखान्याची सुरू होण्याची तारीख, भाववाढ केली असल्यास किती आणि कधीपासून, हे घ्या.

मग गेल्या तिमाहीच्या कॉलची प्रत उघडून तेव्हा काय सांगितलं होतं ते बघा. दुसऱ्या तिमाहीत मार्जिन १३ टक्क्यांच्या वर ठेवू असं म्हटलं असेल आणि ते १२ आलं असेल, तर ती तुलना नव्या अंदाजाच्या शेजारीच लिहायची. अंदाजाच्या भागात स्वतःचं मत घालू नका. घालायचंच असेल तर ‘माझं मत’ म्हणून वेगळ्या ओळीत घाला.

## टप्पा ९: सारांश लिहा

आता सगळं कोटींत बदला, एका दशांश स्थळावर आणा आणि ठरलेल्या चार भागांत लिहा. आपल्या पंप कंपनीचा सारांश असा होईल (अंदाजाचा भागही काल्पनिक):

> सप्टेंबर २०२५ तिमाही, कन्सॉलिडेटेड, कोटी रुपये. तुलना सप्टेंबर २०२४ शी.
>
> महसूल: ४१८.५, वाढ ११.९ टक्के.
>
> नफा: निव्वळ नफा ४०.५ (गेल्या वर्षी २९.९). यात जमीन विक्रीचा करानंतरचा १२.९ चा एकवेळचा फायदा आहे. तो वगळता २७.६, घट ७.७ टक्के.
>
> बदल: परिचालन मार्जिन १३.५ वरून १२ टक्के. मालाचा खर्च महसुलाच्या ५८.५ वरून ६१ टक्के. व्याज आणि घसारा मिळून ३.२ ने जास्त. सहा महिन्यांत येणं १४६ वरून १९८, कामकाजातून रोकड फक्त १२.
>
> अंदाज (कंपनीचा, नोव्हेंबर २०२५ चा कॉल): ऑक्टोबरपासून ३ टक्के भाववाढ. मार्च तिमाहीपर्यंत मार्जिन पुन्हा १३ टक्क्यांवर, तांब्याचा भाव आहे तिथे राहिला तर. आधीचं १३ टक्क्यांचं उद्दिष्ट या तिमाहीत गाठलं गेलेलं नाही.

यात ‘दमदार’, ‘निराशाजनक’, ‘भरारी’ यांपैकी एकही शब्द नाही, आणि ‘घ्या’ किंवा ‘विका’ही नाही. सारांश दुसऱ्यांना पाठवणार असाल तर हे जास्तच पाळा. शेअरबद्दल सल्ला देणं हा सेबीच्या नोंदणीखाली येणारा वेगळा व्यवसाय आहे.

पाठवण्याआधी शेवटची तपासणी करा. सारांशातला प्रत्येक आकडा पुन्हा मूळ पीडीएफमध्ये शोधा आणि शेजारी पान क्रमांक टाका. स्वतः काढलेल्या आकड्यांपुढे (मार्जिन, एकवेळची बाब वगळून नफा) ‘काढलेला’ अशी खूण करा. पुढच्या तिमाहीत कंपनीने जुने आकडे बदलून छापले तर कुठला आकडा कुणाचा, हे या खुणांवरूनच कळतं. तसे आकडे बदललेले आढळले तर तुलनेसाठी नव्या पत्रकातला जुना आकडा घ्या, तुमच्या वहीतला नाही.